अंदाज आमचा, चमचा तुमचा

जाहिरातीची कॉपी, म्हणजे तिचा मजकूर, तपासायचं काम करताना मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागतं ते वाक्य म्हणजे "अहो पण जोक जाईल ना मग". क्लायंट म्हणतो, एजन्सीतली तरुण मुलं म्हणतात, कधीकधी रेडिओचा प्रोड्युसरही म्हणतो. आणि त्यांची भीती अगदीच चुकीची नाहीये, कारण बायका-पुरुषांबद्दलचे ठोकळे काढायच्या नादात जाहिरातीचा जीवच काढलेली कॉपी मी भरपूर पाहिलीये. सगळे कसे समजूतदार, नवरा भांडी घासतोय, बायको लॅपटॉपवर, दोघं एकमेकांकडे बघून हसतायत, आणि ऐकणारा चॅनेल बदलतोय.

पण माझं म्हणणं असं की ठोकळा काढला म्हणून जोक जात नाही. ठोकळ्याच्या जागी काही ठेवलंच नाही म्हणून जातो. हे नुसतं सांगून कोणाला पटत नाही, म्हणून एक स्क्रिप्ट घेऊन बसू.

एका छोट्या मसाला कंपनीचा रेडिओ स्पॉट होता, गोड्या मसाल्याचा. तीस सेकंदांचा. मराठीत तीस सेकंद म्हणजे साठ-सत्तर शब्द, त्यात आवाज-इफेक्ट आणि शेवटी ब्रँडचं नाव दोनदा, म्हणजे जोकला हातात उरतात जेमतेम चाळीस-पन्नास शब्द. माझ्याकडे आलेली कॉपी साधारण अशी:

(कढईत काहीतरी करपल्याचा आवाज)
बायको: अहो, हे काय चाललंय?
नवरा: भरली वांगी करतोय! मीठ घातलंय... बहुतेक साखर होती ती.
बायको: सरका बाजूला! पुरुषांचं काम नाही हे.
(बरणी उघडल्याचा आवाज)
नवरा: वा! सुगरण ती सुगरणच!
निवेदक: प्रत्येक गृहिणीच्या विश्वासाचा, अमुक गोडा मसाला.

अशी कॉपी आली की मी आधी लाल पेन घेत नाही, आधी हसू कुठे येतंय ते शोधते. एकदा मोठ्याने वाचायची आणि जिथे तोंडावर हसू येतं तिथे टिंब करायचं. इथे टिंब पडलं "बहुतेक साखर होती ती" वर. आता हे वाक्य कोणीही बोलू शकतं, बाई, बुवा, आजी, बारा वर्षांचं पोर. म्हणजे हा जोक कोणाच्या बाई-बुवा असण्यावर उभाच नाहीये. त्याला हात लावायची काही गरज नाही.

मग दुसरी पायरी, उलटापालट. सगळी वाक्यं तशीच ठेवून पात्रं फिरवायची. बायको वांगी करपवतेय आणि नवरा म्हणतोय "सरका बाजूला, बायकांचं काम नाही हे". वाक्य धाडकन पडतं, कोणाला कळणारच नाही तो काय बोलतोय. म्हणजे "पुरुषांचं काम नाही हे" या ओळीतलं हसू स्क्रिप्टनं तयार केलेलं नाही, ते बाहेरून उसनं आणलंय, आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय म्हणून ते चालतं. उसन्या हशाची अडचण ही की तो शंभर जाहिरातींनी आधीच वापरून झालेला असतो, त्यामुळे कुठल्या मसाल्याची जाहिरात ऐकली ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

आणि ही ओळ नियमातही बसत नाही. ॲस्की, म्हणजे ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, ही 1985 मध्ये जाहिरात व्यवसायानेच स्वतःला शिस्त लावायला काढलेली संस्था, ऑफिस मुंबईतच. त्यांनी जून 2022 मध्ये लिंगभेदाच्या अपायकारक साच्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती नीट वाचली तर कळतं की बाईला स्वयंपाक करताना दाखवूच नका असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. बाई घर आवरतेय, पुरुष ऑफिसला चाललाय, हे दाखवायला मोकळीक आहे. फक्त हे काम नेहमी याचंच, दुसऱ्याचं कधीच नाही, असं सुचवायचं नाही. केवळ पुरुष आहे म्हणून त्याला जमलं नाही किंवा केवळ बाई आहे म्हणून तिला जमलं नाही, असंही दाखवायचं नाही, तिथे उदाहरणं दिलीयेत ती बाळाचं लंगोट न बदलता येणाऱ्या बापाची आणि गाडी पार्क न करता येणाऱ्या बाईची. आणि कोणी साच्यात बसत नाही म्हणून त्याची टिंगल करायची नाही, ती विनोदाच्या किंवा अतिशयोक्तीच्या भरात केली असली तरी नाही. "गंमत होती हो" हा बचाव तिथेच संपतो.

बापाला काही जमत नाही या जोकवर इंग्लंडमध्ये तर सरळ बंदीच आली होती. तिथे असे साचे वापरायला मनाई करणारा नियम जून 2019 मध्ये लागू झाला आणि ऑगस्टमध्ये ज्या पहिल्या दोन जाहिराती अडकल्या त्यातली एक फिलाडेल्फिया चीजची. दोन बाप हॉटेलात बसलेत, तिथे खाणं फिरत्या पट्ट्यावरून येतंय, चीज खाण्यात ते इतके गुंगतात की त्यांची बाळंच पट्ट्यावरून फिरायला लागतात, आणि शेवटी एक बाप म्हणतो की आईला सांगायचं नाही हं. 128 तक्रारी गेल्या. मला यातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट वाटते ती कंपनीची बाजू, त्यांचं म्हणणं होतं की आम्ही मुद्दाम बाप घेतले, आया घेतल्या असत्या तर बाळं सांभाळणं बायकांचंच काम असं दिसलं असतं. म्हणजे एक साचा टाळायला गेले आणि शेजारच्या साच्यात पाय गेला! माणसं बदलली पण जोकचा सांगाडा तोच राहिला, की पुरुषाच्या हातात मूल दिलं की घोटाळा होणारच. नुसती पात्रं बदलून काम होत नाही ते यामुळे.

आता आपल्या मसाल्याकडे. अजून दोन ठिकाणं राहिली. "सुगरण ती सुगरणच" हे वरवर कौतुक आहे, त्यामुळे त्यावर बोट ठेवलं की लोकांना जरा राग येतो. मीही ती ओळ फक्त तत्त्वासाठी काढत नाही. मी क्लायंटला विचारलं, वांगी कोणी वाचवली? मसाल्याने की सुगरणीने? ती जर जन्मजात सुगरण असेल तर तुमची बरणी कशाला घ्यायची कोणी? ते दोन मिनिटं गप्प झाले आणि मग स्वतःच म्हणाले, अरे हो, आपलं क्रेडिट बाईंना गेलं. कॉपी तपासताना हे मला सतत दिसतं, साचा आत आला की तो प्रॉडक्टचं काम खाऊन टाकतो. आई प्रेमळ असते म्हणून डबा चविष्ट होतो, मग तेलाने काय केलं?

दुसरं ठिकाण "प्रत्येक गृहिणीच्या". हॉस्टेलवर राहणारी पोरं, एकटे राहणारे लोक, नोकरी करून रात्री आठला कुकर लावणारी बाई जी स्वतःला गृहिणी म्हणवत नाही, मेस चालवणारे काका, हे सगळे मसाला विकत घेतात आणि या एका शब्दाने सगळे बाहेर. इथे प्रश्न धंद्याचाही आहे, ज्यांचा पैसा हवाय त्यांनाच दारातून परत पाठवताय.

मग एजन्सीने पहिली दुरुस्ती करून पाठवली. नवरा-बायको मिळून स्वयंपाक करतायत, "तू वांगी चीर, मी मसाला भरतो", "किती छान जमलं आपल्या दोघांना!" निवेदक म्हणतोय, एकत्र शिजवूया, एकत्र जेवूया. क्लायंट म्हणाले हे शाळेच्या गॅदरिंगमधलं नाटक वाटतंय, आणि मी त्यांच्याशी शंभर टक्के सहमत होते. यात कोणाचं काहीच बिघडत नाही, कोणाला काही हवं नाहीये, अडचणच नाही तर हसणार कशावर. ठोकळा गेला तशी स्क्रिप्टमधली ओढाताणही गेली. म्हणून दुरुस्ती करताना शब्द बदलत बसू नये, नवी अडचण शोधावी, आणि ती त्या वस्तूच्याच पोटातून शोधावी.

गोडा मसाला घरी करायचा म्हणजे दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, धणे, तीळ, सुकं खोबरं, एकेक वेगळं भाजायचं, आणि घरातल्या जाणत्या माणसाला प्रमाण विचारलं की उत्तर एकच, अंदाजाने. भाजीत किती घालायचा? अंदाजाने. कधीपर्यंत परतायचं? वास सुटेपर्यंत. कुठला वास? तो कळतो आपोआप. हे ज्याने ज्याने फोनवर विचारून स्वयंपाक केलाय त्या प्रत्येकाला माहितीये आणि यात बाई-पुरुष हा मुद्दाच नाहीये, यात जाणकार आणि शिकाऊ असा सामना आहे. तिथे आम्ही बसलो आणि हे तयार झालं:

(फोनची रिंग, मागे कढईचा आवाज)
मुलगी: बाबा, गोडा मसाला किती चमचे?
बाबा: अंदाजाने.
मुलगी: अंदाज म्हणजे किती?
बाबा: अंदाज म्हणजे अंदाज!
मुलगी: बरं, परतायचं किती वेळ?
बाबा: वास सुटेपर्यंत.
मुलगी: करपल्याचा सुटलाय.
बाबा: ...मग अंदाज चुकला.
निवेदिका: अमुक गोडा मसाला. अंदाज आमचा, चमचा तुमचा.

करपणं राहिलं, गोंधळ राहिला, शेवटची ओळ तर आधीच्या कॉपीत नव्हतीच. आणि मसाल्याला त्याचं काम परत मिळालं, भाजण्याचा आणि प्रमाणाचा अंदाज बरणीत आहे, तुम्ही फक्त चमचा घाला. उलटापालट करून पाहिली, आई आणि मुलगा, आजी आणि नात, मेसचे काका आणि नवीन आलेला पोरगा, कुठेही बसतं.

क्लायंटची शंका मात्र राहिली, की बाबा स्वयंपाकातले जाणकार हे लोकांना खोटं वाटेल. मी त्यांना त्यांच्याच गावच्या जत्रेतलं मटण कोण करतं ते विचारलं. लग्नातला आचारी कोण असतो? पुरुष चूल पेटवतात हे आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलंय, फक्त जाहिरातीत त्यांना चमचा धरता येत नाही. शेवटी ठरलं असं की दोन व्हर्जन रेकॉर्ड करायची, बाबा-मुलगी आणि आई-मुलगा, आणि आलटून पालटून वाजवायची. मला हे जास्त आवडलं, कारण एकाच जाहिरातीवर सगळ्या जगाचा तोल सांभाळायचं ओझं पडत नाही. आई शिकवतेय यात काही वाईट नाही, दर वेळी आईच शिकवतेय यात आहे. म्हणून मी नेहमी सांगते की मला एक सुटा स्पॉट पाठवू नका, वर्षभराच्या कँपेनच्या सगळ्या स्क्रिप्ट एकत्र पाठवा. मग एक साधा तक्ता करायचा, प्रश्न कोण विचारतंय, उत्तर कोणाला माहितीये, गाडी कोण चालवतंय, आणि शेवटी ब्रँडचं नाव कुठल्या आवाजात येतंय. कितीतरी वेळा एकही शब्द आक्षेपार्ह नसतो पण सगळ्या स्पॉटमध्ये बाई विचारते आणि जाडजूड पुरुषी आवाज सांगतो. निवेदकाच्या जागी निवेदिका घेतली की कॉपीला हात न लावता बरंच काम होतं.

"चमचा तुमचा" बद्दल थोडं सांगायचंय. आपल्याकडे बरीचशी कॉपी हिंदीतून येते, मुंबईत हिंदी मास्टर बनतो आणि मग आठ भाषांत वाटला जातो. हिंदीत "आप" म्हटलं तरी पुढे करते हैं की करती हैं हे ठरवावंच लागतं, आणि घरकामाची वस्तू असली की हमखास "करती हैं" येतं. मराठीत "तुम्ही करता", "तुम्ही आलात", "तुम्ही विसरलात", सगळं दोघांनाही चालतं, मग भाषांतरात ती बाई कशाला आणायची? ती येते कारण भाषांतर करणारा कथेतच एक "ताई" घुसवतो, "ताई, तुमच्या किचनमध्ये". नुसतं "तुमच्या किचनमध्ये" लिहा.

खरी पंचाईत "तू" ला होते, आणि तरुण ब्रँडना "तू" च हवं असतं. "तू जेवलास का" लिहिलं की मुली बाहेर, "जेवलीस का" लिहिलं की मुलगे बाहेर, आणि "जेवलास/जेवलीस" हे होर्डिंगवर भयंकर दिसतं, रेडिओवर तर बोलताच येत नाही. पण "तू काही खाल्लंस का" म्हटलं की क्रियापद खाण्याकडे वळतं, माणसाकडे बघतच नाही. "तू पाहिलंस का", "तू ऐकलंस का", "तू जाशील", "तू तयार आहेस", हे सगळं दोघांचं. "मी विसरलो" च्या ऐवजी "माझ्या लक्षातच राहिलं नाही", आणि ते जास्त बोलल्यासारखंही वाटतं. अशा वाटा मराठीत इतक्या आहेत की तिरकी रेघ वापरायची वेळ माझ्यावर तरी क्वचितच येते.

उलटापालट मात्र सगळीकडे चालत नाही हे सांगायलाच हवं. बायकोच्या धाकात राहणारा नवरा, लाटणं घेऊन मागे लागलेली बायको, हे उलटं केलं की अंगावर काटा येतो, आणि मग लोक म्हणतात, बघा पुरुषावर केलेला जोक चालतो. चालत नाही, तो घरातली मारहाण हसण्यावारी नेतो, दोन्ही बाजूंनी. आणि जिथे प्रश्न बाई-पुरुषाचा नसून घरात कोण मालक आणि कोण कामाला याचा आहे तिथे पात्रं फिरवून काही कळतच नाही. मे 2020 मध्ये, लॉकडाउनच्या दिवसांत, केंट कंपनीच्या कणीक मळायच्या मशीनची जाहिरात आली होती, तिचा सूर असा की तुम्ही कामवालीला हाताने कणीक मळू देताय का, तिच्या हातांना संसर्ग असू शकतो. प्रचंड टीका झाली, कंपनीने माफी मागून ती मागे घेतली. गंमत करायचा हेतू तिथे नव्हताच, पण कॉपी तपासणाऱ्याला तिच्यातून एक गोष्ट घेता येते. त्या वाक्यात "तुम्ही" कोण आहे? मशीन घेणारे. आणि जिच्याबद्दल बोलणं चाललंय ती जणू वाचतच नाहीये. तीही वाचते, तिच्याकडेही फोन आहे.

तेव्हा अशा कॉपीला माझी वेगळी कसोटी असते, ज्या माणसावर जोक आहे त्याच्या समोर उभं राहून ती वाचता येईल का. डिशवॉशरच्या एका स्पॉटमध्ये ओळ होती, "बाईच्या नखऱ्यांना आता रामराम". ही तिच्यासमोर वाचायची कोणाची हिंमत नाही. मग हसू कोणावर वळवायचं? चार माणसांनी जेवून सिंक भरून ठेवलंय, त्यांच्यावर. नवीन स्पॉटमध्ये जेवण संपतं, कोणीतरी विचारतं "आज भांड्यांना कोणाचा नंबर?" आणि एकदम शांतता, मग एकाला मीटिंग आठवते, एकीला अभ्यास, आजोबांना अचानक बीपीची गोळी. ज्यांच्या खिशातून मशीन येणार त्यांच्यावरच जोक, आणि त्यांनाच तो सगळ्यात जास्त आवडला, कारण प्रत्येक घरात हेच चालतं.

सध्या माझ्यासमोर एका पतपेढीचं होर्डिंग आहे, आवर्ती ठेवीचं. आलेली ओळ, "मुलाचं शिक्षण, मुलीचं लग्न, आणि बाबांची झोप". शेवटचा तुकडा फार छान आहे, तिथेच माणूस हसतो, तो सोडायचा नाही. पहिले दोन तुकडे आपण इतके ऐकलेत की लिहिणाऱ्याच्या हातून ते आपोआप उतरले असणार. मी आधी "मुलांची शिक्षणं, मुलांची लग्नं" करून पाहिलं, पण होर्डिंगवर "मुलांची" म्हणजे मुलगेच असं निम्मे लोक वाचतील आणि मग मुलीचं शिक्षणच नाही तर लग्नही गेलं. "मुला-मुलींची" दोनदा लिहिलं तर ओळ लांबते आणि लय बसते खाली. "लेकरांची" बसलं. लेकरांची शिक्षणं, लेकरांची लग्नं, आणि आईबाबांची झोप. "आईबाबांची" केलं कारण हप्ता भरणाऱ्यांत बायका खूप आहेत असं पतपेढीच्याच मॅनेजरनी मला सांगितलं होतं, आणि झोप तर दोघांचीही उडते. मॅनेजर म्हणाले लेकरं हा शब्द होर्डिंगला फार घरगुती होतोय का. मी म्हटलं, तुमच्या काउंटरवर जे लोक येतात ते काय म्हणतात पोरांना? त्यांनी काउंटरवरच्या मॅडमना हाक मारून विचारलं, त्या नोटा मोजता मोजता म्हणाल्या, लेकरंच म्हणतात की, आणि ओळ पास झाली.